आतून की बाहेरून?

अण्णामामांना कोणतंही माप सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "आतून की बाहेरून?" नवा फ्रिज घेतला म्हटलं की हा प्रश्न. फ्लॅट साडेसातशे स्क्वेअर फुटांचा आहे म्हटलं की हाच प्रश्न, आणि तिथे तो फारच बोचतो. नात्यातल्या एका मुलीला सांगून आलेलं स्थळ पाच फूट आठ इंच आहे, असं तिची आई कौतुकानं सांगत होती. इथे आपला प्रश्न लागू पडत नाही हे मामांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी विचारलं, "चप्पल घालून की काढून?" लग्न झालं. जावई पाच सात निघाले. मांडवात मामांनी लांबूनच माझ्याकडे बघून एक भुवई उडवली.

मी त्यांची भाचेसून. माझ्या नवऱ्याचा भोसरीला छोटा कारखाना आहे. पुस्तकांची शेल्फं, चपलांची कपाटं, अभ्यासाची टेबलं असं सामान तिथे सुट्या फळ्यांच्या रूपात तयार होतं, खोक्यात भरलं जातं आणि ऑनलाइन विकलं जातं. गिऱ्हाइकानं घरी खोकं उघडायचं आणि स्वतः जोडायचं. विक्रीच्या पानावर मजकूर लिहिण्याचं काम माझ्याकडे. मामा चिंचवडच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला होते. निवृत्त झाल्यावर घरी त्यांनी डब्यांच्या झाकणांपर्यंत सगळं तपासून संपवलं, तेव्हा मामींनीच माझ्या नवऱ्याला फोन केला, "ह्यांना घेऊन जा बाबा. काल पोळीची जाडी विचारत होते."

तेव्हापासून कमरेला स्टीलचा टेप, शर्टाच्या खिशात सुताराची चपटी पेन्सिल आणि एक व्हर्नियर अशा सरंजामात मामा आमच्याकडे येतात. माझा मजकूर त्यांच्याकडून पास झाल्याशिवाय पुढे जात नाही.

त्यांना दाखवलेला माझा पहिला मजकूर होता पुस्तकांच्या शेल्फचा. मी लिहिलं होतं: 'आकर्षक, मजबूत, प्रशस्त, जोडायला अत्यंत सोपं.' मामांनी चष्मा वर केला, पेन्सिल काढली आणि चारही शब्दांभोवती गोल केले. मला वाटलं, आवडले.

"आकर्षक हे फोटो सांगेल," ते म्हणाले. "उरलेल्या तिघांना माप लाव."

शेल्फचं माप माझ्याकडे होतं. रुंदी ८०० मिलिमीटर, खोली ३००, उंची २०००. ते मी पाठ म्हणून दाखवलं. मामांचा प्रश्न आला. ही मापं अर्थातच बाहेरची होती, आणि पुस्तकं आत राहतात. शेल्फच्या दोन्ही बाजूच्या फळ्या १८ मिलिमीटर जाडीच्या, त्या वजा केल्या की आत रुंदी उरते ७६४. मागची ३ मिलिमीटरची पाठ खाचेत थोडी आत बसते, त्यामुळे खोली उरते २८२. आणि तळाची पट्टी, वरची, खालची आणि मधल्या चार फळ्या वजा जाता प्रत्येक खणाची मोकळी उंची ३६६. "हे पहिलं लिही," मामा म्हणाले. "बाहेरचं माप भिंतीसाठी, आतलं माप माणसाच्या सामानासाठी. ज्याच्याकडे ३८ सेंटीमीटर उंच फाइली आहेत, त्यानं हे शेल्फ घ्यायलाच नको. त्यानं नाही घेतलं, तर आपलं येण्याजाण्याचं भाडं वाचलं."

मला ते पटलं. पण मामा एवढ्यावर थांबले असते तर ते मामा कसले? त्यांनी तिसरं माप मागितलं: खोक्याचं. हे फर्निचर ज्या कारणानं जन्माला आलं ती गोष्ट त्यांना फार प्रिय आहे आणि ती ते नव्या कामगाराला चहाबरोबर ऐकवतात. स्वीडनच्या आयकिया कंपनीतले गिलिस लुंडग्रेन हे गृहस्थ १९५६च्या सुमारास एक टेबल गाडीत घालत होते. ते मावेना, म्हणून त्यांनी पाय काढले. तिथून सुट्या भागांच्या फर्निचरला तिकडे जोर आला. "म्हणजे पहिलं माप टेबलाचं नव्हतं," मामा बोट वर करून सांगतात, "गाडीच्या डिकीचं होतं!" म्हणून आमच्या पानावर आता लिहिलेलं असतं: 'खोकं २०५ × ३३ × १४ सेंटीमीटर, वजन ३६ किलो. उचलायला दोन माणसं. लिफ्ट बुटकी असेल तर तिरकं धरावं लागेल.' एवढी ओळ वाचून लोक लिफ्ट मोजायला जातात. सोसायटीचे वॉचमन आम्हाला शिव्या देत असणार.

चौथं माप मात्र मी कुठेच पाहिलं नव्हतं. ते गिरगावच्या एका चाळीतून आलं. आमच्या जुन्या कपाटाची उंची होती २१०० मिलिमीटर, खोली ४५०. गिऱ्हाइकाच्या आतल्या खोलीवर सबंध पोटमाळा, खालून मोकळी उंची बरोबर सात फूट, म्हणजे २१३४. कपाट ३४ मिलिमीटर राखून मावत होतं. त्या घरच्यांनी सूचनापत्रात सांगितल्याप्रमाणे ते जमिनीवर आडवं ठेवून जोडलं, सगळे मिळून उभं करायला लागले आणि अर्ध्या वाटेत वरचा कोपरा पोटमाळ्याला जाऊन टेकला. पुढे जाईना, मागे घ्यायला कोणी तयार होईना. फोन आला तेव्हा मागून एक आजी रामरक्षा म्हणत होत्या.

मामांनी कागद ओढला. आडवी वस्तू उभी करताना तिचा कोपरा सरळ वर जात नाही, गोल फिरतो. आणि फिरताना त्याला कर्णाएवढी उंची लागते. २१००चा वर्ग, ४५०चा वर्ग, बेरीज, वर्गमूळ: २१४८. पोटमाळा २१३४वर. "साडेचार सूत कमी पडले," मामा हळहळून म्हणाले. सुतारी भाषेत इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, आणि मामांना मिलिमीटरमध्ये नीट दुःख होत नाही. त्यांनी फोनवरून त्या मंडळींना कपाट सोडवायला लावलं, बाजू उभ्या धरून पुन्हा जोडायला लावलं आणि कपाट उभं राहिलं. तेव्हापासून प्रत्येक उंच वस्तूखाली एक ओळ असते: 'आडवं जोडून उभं करायला खोलीची मोकळी उंची किमान इतकी हवी.' पुस्तकांच्या शेल्फला ती २०२३ मिलिमीटर आहे. पंख्याचं पातं मध्ये येत असेल तर ते वेगळं बघावं, हेही मामांना लिहायचं होतं. मी ते खोडलं. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आलेलं होतं.

आता 'मजबूत'. या शब्दावर मामांनी आमचा जितका वेळ घेतला, तितका दुसऱ्या कशावरच घेतला नाही. नवऱ्याचं म्हणणं होतं, सरळ 'भारक्षमता १०० किलो' लिहू; पाच खण, प्रत्येकी २०, झाले शंभर. सगळे असंच लिहितात. मामा म्हणाले, "म्हणजे मी १०० किलोचा माणूस मधल्या फळीवर बसवू?" नवरा गप्प बसला. मामा पुढे म्हणाले, "भार म्हटलं की तीन गोष्टी सांगायच्या. किती, कसा ठेवलेला आणि किती दिवस."

मग त्यांनी चाचणी लावली. वजनं म्हणून स्वतःचे दिवाळी अंक आणले. मामी ते रद्दीत घालायला टपलेल्याच होत्या, आणि मामांनी ते रद्दीवाल्याच्या काट्यावर खरोखरच तोलून घेतले, फक्त विकले नाहीत. २० किलो अंक एका फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे पसरले. फळीच्या दोन टोकांमध्ये ताणून दोरा बांधला आणि मधोमध दोरा व फळी यांच्यातली फट मोजली. पहिल्या दिवशी जेमतेम ४ मिलिमीटर. डोळ्याला दिसत नाही. नवरा म्हणाला, झालं! मामांनी फळीवर खडूनं तारीख घातली आणि अंक तसेच राहू दिले.

महिन्याभरानं फट ६ मिलिमीटर झाली होती. वजन तेच, फळी तीच. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि गोंद दाबून केलेला तक्ता. त्यावर भार राहिला की तो दिवसेंदिवस हळूहळू वाकत जातो, आणि भार काढला तरी पूर्ण सरळ होत नाही. म्हणून दुकानात हातानं दाबून पाहिलेली मजबुती आणि घरात तीन वर्षं पुस्तकं वाहिलेली मजबुती यांचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो. "फळी मोडत नाही रे," मामा नवऱ्याला समजावत होते. "फळी खचते. मोडली तर माणूस भांडतो. खचली तर काही बोलत नाही, फक्त पाहुणे आले की तिच्यासमोर उभा राहतो."

त्याच फळीवर मामांनी नंतर सगळं वजन मधोमध ठेवून पाहिलं. एकाच जागी ठेवलेला भार पसरलेल्या भारापेक्षा दीडपटीहून थोडा जास्तच वाकवतो. म्हणजे पसरलेल्या २० किलोंना जेवढी फळी वाकते, तेवढी ती मध्ये ठेवलेल्या साडेबारा किलोंनाच वाकते. आमच्या पानावर म्हणून दोन आकडे आहेत: 'पसरून २० किलो, एकाच वस्तूचा भार १२ किलो.' आणि त्याखाली मामांच्या खास आग्रहावरून: 'दिवाळी अंक उभे खच्चून भरले तर एका फळीवर ३० किलोंपर्यंत जातात. असं करू नये.' आम्ही विकायला बसलेलो, आणि आमच्याच पानावर मराठी घरातला हमखास वापर करू नका म्हणून सांगितलेलं!

या भांडणातून एक चांगली गोष्ट मात्र झाली. नवरा वैतागून म्हणाला, मग काय, जाड फळी घालू का? जाड फळीनं किंमत वाढते, वजन वाढतं, कुरियर वाढतं. मामांनी टेप काढून फळीवर ६० सेंटीमीटरची खूण केली. "लांबी कमी कर. भार तेवढाच ठेवलास तर वाकणं लांबीच्या घनाच्या हिशेबानं उतरतं. ७६चे ६० केलेस की निम्म्याहून कमी." आमचं अरुंद शेल्फ तेव्हा निघालं, आणि आता तेच जास्त खपतं. याचं श्रेय नवरा बाजाराला देतो. मामा काही बोलत नाहीत, फक्त विक्रीचा कागद मागून घेतात.

खोक्याच्या अवस्थेबद्दल मामांचं वेगळंच शास्त्र आहे. परत आलेला माल आम्ही 'खोकं उघडलेलं' म्हणून थोड्या कमी किमतीला विकतो. मी सुरुवातीला लिहायची, 'पॅकिंगला किरकोळ डाग, माल उत्तम.' मामा किरकोळ हा शब्द ऐकला की कान टवकारतात. वैद्यानं नाडी धरावी तसे ते खोक्याचा कोपरा हातात घेतात. खोकं मधोमध दबलेलं असेल तर त्यांना फारशी काळजी नसते, तिथे आत फळ्यांची सपाट थप्पी असते. कोपरा दबलेला असेल तर ते लगेच खोकं उघडायला लावतात, कारण पार्टिकल बोर्डाचा कोपरा आपटला की चुरा सैल होतो, आणि नेमकी तिथेच फळ्या जोडणाऱ्या मिनिफिक्सची भोकं असतात. टेपवर टेप दिसला की खोकं आधी कोणीतरी उघडलंय. आणि पावसाळ्यात परत आलेल्या खोक्याच्या तळाशी पाण्याची रेघ दिसली, तर ते व्हर्नियर काढून फळीची कड मोजतात. १८च्या जागी साडेएकोणीस आलं की फळी बाद. पाणी प्यायलेला बोर्ड फुगतो आणि वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही.

त्यांनी लिहिलेला एक मजकूर मी जपून ठेवलाय: 'खोकं एकदा उघडून पुन्हा बंद केलेलं आहे. खालचा उजवा कोपरा दबलेला. आतल्या सर्व फळ्या काढून पाहिल्या. फळी क्रमांक ४च्या मागच्या कडेचा ६ मिलिमीटर टवका उडाला आहे; जोडल्यावर ती कड भिंतीकडे जाते. खिळे, स्क्रू, लाकडी खुंट्या आणि चावी यांची पिशवी यादीप्रमाणे मोजून पुन्हा सील केली आहे. सूचनापत्रावर चहाचा डाग आहे, अक्षरं वाचता येतात.' मी म्हटलं, "मामा, चहाचा डागसुद्धा?" ते म्हणाले, "तो आपला आहे. मीच पाडला." ते शेल्फ त्याच दिवशी विकलं गेलं. घेणाऱ्या बाईंनी फोन करून विचारलं, हे लिहिणाऱ्या गृहस्थांकडून बाकीचं फर्निचरही बघून मिळेल का.

राहता राहिलं 'अत्यंत सोपं'. कारखान्यातली पोरं ते शेल्फ अर्ध्या तासात उभं करतात. नवऱ्यानं उदार होऊन ४५ मिनिटं लिहायला सांगितलं. मामा म्हणाले, "ही पोरं खोक्यासोबत पाठवणार आहेस का?" आणि त्यांनी आपल्या खालच्या मजल्यावरचं एक नवविवाहित जोडपं पकडलं. दोघं आयटीत, घरात एक हातोडी, तीसुद्धा नारळासाठी. त्यांना खोकं दिलं आणि स्वतः कोपऱ्यात स्टुलावर घड्याळ घेऊन बसले. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही ही अट त्यांनी स्वतःला घालून घेतली होती. मामी सांगतात, लग्नानंतर ते इतका वेळ गप्प राहिल्याचं तिथेच पहिल्यांदा पाहिलं.

पहिली वीस मिनिटं खोकं उघडण्यात, थर्माकोल आवरण्यात आणि स्क्रू ओळखण्यात गेली. मग लाकडी खुंट्या आणि मिनिफिक्सचे खिळे बसले. मिनिफिक्स म्हणजे फळीच्या भोकात बसणारी ती गोल चकती: खिळ्याचं डोकं तिच्या पोटात शिरतं आणि चकती फिरवली की दोन फळ्या ओढल्या जाऊन घट्ट होतात. अट एकच, फिरवण्याआधी चकतीवरचा बाण खिळ्याकडे असावा लागतो. बाण उलटा असेल तर चकती फिरते, माणसाला घट्ट झाल्याचं समाधान मिळतं आणि फळी मात्र मोकळीच राहते. त्या मुलानं तीन बाण उलटे लावले. मामांच्या कपाळावरची शीर दिसू लागली. पुढे एक फळी उलटी बसली, म्हणजे पट्टी चिकटवलेली गुळगुळीत कड मागे आणि कच्चा भुसा पुढे. हे त्या मुलीच्या लक्षात आलं तेव्हा वरच्या तीन फळ्या लागलेल्या होत्या. सगळं सोडवलं. दोघांत थोडं बोलणं झालं, त्याचं माप मामांनी घेतलं नाही.

शेवटी मागची पाठ. तीन मिलिमीटरची पातळ पट्टी, तिच्यात काय आहे असं वाटतं. पण शेल्फ काटकोनात तीच धरते. दोन्ही कर्ण सारखे भरतात का ते मोजून मग ती ठोकायची. जोडप्यानं न मोजता ठोकली, शेल्फ किंचित तिरकं उभं राहिलं, आणि तेव्हा मात्र मामा स्टुलावरून उठले.

एकूण वेळ एक तास पन्नास मिनिटं. त्या दिवशी सूचनापत्र बदललं: बाणाचं चित्र मोठं झालं, प्रत्येक फळीच्या मागच्या कडेवर 'ही बाजू भिंतीकडे' असा शिक्का आला, कर्ण मोजायची पायरी वाढली. आणि पानावर मजकूर आला: 'दोन माणसं, पहिलाच अनुभव असेल तर दोन तास. स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी घरची लागेल. बॅटरीचा ड्रिल वापरलात तर शेवटचे दोन आटे हातानं द्या, नाहीतर बोर्डातला स्क्रू गरगर फिरत राहील. उंच आहे, म्हणून सोबतच्या पट्टीनं भिंतीला बांधल्याशिवाय जोडणी पूर्ण झाली असं समजू नये.' नवऱ्याचं तोंड उतरलं. शेजारच्या कारखान्याच्या पानावर त्याच मापाच्या शेल्फला वीस मिनिटं लिहिली होती.

मी मामांकडे एक विशेषण तरी मागितलं. फक्त एक. मजकूर वाचणारा शेवटी माणूस आहे, तपासनीस नाही. मामा बराच वेळ शेल्फकडे बघत राहिले, मग गुण्या घेऊन चारही कोपरे तपासून आले आणि म्हणाले, "काटकोनी लिही. ते खरं आहे."

परवा कोथरूडहून एका गृहस्थांचा फोन आला, खास मामांना. आवाजात अभिमान होता. तुमचं शेल्फ मी एकट्यानं जोडलं, म्हणाले, आणि दोन तास कुठले, तासाभरात उभं केलं! मामांनी पेन्सिल काढली, फोन खांद्यात धरला आणि टेबलावरचा कागद जवळ ओढला.

"वा!" ते म्हणाले. "घड्याळ कधी लावलंत? खोकं उघडल्यावर की उघडायच्या आधी?"

पलीकडे थोडी शांतता झाली.

"आणि भिंतीला पट्टी लावलीत का?"